सीक्रेट पुढे चिकटवून हॅश काढला तर बिघडतं कुठे? नुसता हॅश, मॅक आणि एचमॅक

प्रश्न: आमच्या एपीआयमध्ये प्रत्येक रिक्वेस्टबरोबर आम्ही `SHA256(secret + body)` अशी सही पाठवतो. सीक्रेट फक्त आमच्याकडे आणि क्लायंटकडे आहे. नवीन रिव्ह्यूअर म्हणतोय की हे चालणार नाही, एचमॅक वापरा. दोन्हीत एसएचए-२५६च आहे, दोन्हीत सीक्रेट आहे, मग फरक नेमका कशात पडतो? उगाच नियमावर बोट ठेवून बोलतोय का तो?

उत्तर:

नाही हो, उगाच नाही बोलत तो. तुमच्या फॉर्म्युल्यात असं भोक आहे की ज्याला सीक्रेटचा एक बाइटसुद्धा माहीत नाही असा माणूस तुमच्या सर्व्हरला पटेल अशी सही बनवू शकतो, आणि त्यासाठी त्याला एसएचए-२५६ तोडायची गरज नाही, पाशवी कम्प्युटिंग पॉवर नको, साध्या लॅपटॉपवर सेकंदाच्या आत होतं. कसं ते खाली बाइट मोजून दाखवतो, कारण हे एकदा हातानं करून बघितलं की एचमॅक तसा दोन मजली का बांधलाय ते आपोआप कळतं.

आधी नुसत्या हॅशचं उरकून घेऊ. एसएचए-२५६ला किल्ली नसते. कोणीही, कुठेही, तेच बाइट्स दिले की तोच ३२ बाइटचा आकडा मिळणार, त्याचं कामच ते. म्हणून मेसेजबरोबर त्याचा हॅश पाठवला तर वाटेत केबलच्या गडबडीनं एखादा बिट पलटला तर तो पकडला जाईल, पण मधे बसलेल्या माणसानं मुद्दाम मेसेज बदलला तर तो हॅशही नवीन काढून लावेल, त्याला कोण अडवणार? डाउनलोडच्या पानावर फाइलचा हॅश देतात तोही तेवढ्याचपुरता, म्हणजे फाइल एका वाटेनं आली आणि हॅश दुसऱ्या, जास्त भरवशाच्या वाटेनं आला तर त्याला अर्थ, दोन्ही एकाच सर्व्हरवरून आले आणि तो सर्व्हरच फोडलेला असेल तर दोन्ही छान जुळणार आणि दोन्ही खोटे असणार.

मॅकचं वचन वेगळं आहे. त्याला दोन गोष्टी लागतात, किल्ली आणि मेसेज, आणि त्यातून एक छोटा टॅग निघतो. अपेक्षा अशी की शत्रूनं हवे तितके मेसेज आणि त्यांचे खरे टॅग बघितले, इतकंच काय स्वतःच्या मर्जीचे मेसेज तुमच्याकडून टॅग करून घेतले, तरी जो मेसेज तुम्ही कधीच टॅग केला नाही अशा एकाही मेसेजचा बरोबर टॅग त्याला बनवता येऊ नये. एकाही म्हणजे एकाही, तो मेसेज निरर्थक कचरा असला तरी. हे 'कचरा असला तरी' लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

आता तुमची अडचण. हॅश फंक्शन बनवणाऱ्यांनी वचनं दिलीत ती अशी: आउटपुटवरून इनपुट शोधता येणार नाही, आणि एकच आउटपुट देणारी दोन इनपुट सापडणार नाहीत. 'पुढे सीक्रेट चिकटवलं तर हे मॅक म्हणून चालेल' असं वचन एसएचए-२५६ बद्दल कोणी दिलेलंच नाही. तुम्ही जे वचन मिळालंच नाही त्याच्यावर विसंबलात, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा सगळेच विसंबतात, मीही विसंबलो होतो, कारण डोक्यात चित्र असं असतं की हॅश म्हणजे मिक्सर, सगळं एकत्र फिरवलं की काय कशातून आलं ते कळत नाही.

पण एसएचए-२५६ सगळं एकदम फिरवत नाही. तो मेसेज ६४-६४ बाइटच्या ब्लॉकनं खातो. त्याच्या पोटात ३२ बाइटची एक स्थिती असते, ८ शब्द, प्रत्येकी ३२ बिट. सुरुवातीला ही स्थिती ठरावीक असते, जगजाहीर. पहिला ब्लॉक आला की जुनी स्थिती आणि ब्लॉक मिळून नवी स्थिती, मग पुढचा ब्लॉक, परत नवी स्थिती, असं करत शेवटचा ब्लॉक संपला की जी स्थिती हातात असते तीच, जशीच्या तशी, पूर्ण, हॅश म्हणून बाहेर. हिशोबाच्या वहीत 'मागील पानावरून पुढे चालू' असं करून शिल्लक आणतात ना, तसंच आहे हे. ज्याला फक्त पानाच्या तळाची शिल्लक कळली त्याला वरच्या नोंदी वाचता येणार नाहीत हे खरं, पण पुढचं पान लिहायला त्याला वरच्या नोंदी लागतातच कुठे?

यालाच लेंग्थ एक्स्टेंशन म्हणतात. एमडी५, एसएचए-१, एसएचए-२५६, एसएचए-५१२ सगळ्यांना लागू.

आता हिशोब. समजा सीक्रेट १६ बाइटचं आहे आणि क्लायंटनं हे पाठवलं:

```
user=42&credit=100
```

हे १८ बाइट. सीक्रेट धरून ३४ बाइट. एसएचए-२५६ला इनपुट ६४च्या पटीत लागतं म्हणून तो स्वतः मागे भराव घालतो, त्याला पॅडिंग म्हणतात, आणि त्याचा नियम पक्का आहे: आधी एक बाइट `80`, मग लागतील तितके शून्य, आणि शेवटच्या ८ बाइटमध्ये मूळ मेसेजची लांबी बिटमध्ये. ३४ बाइट म्हणजे २७२ बिट, हेक्समध्ये `0110`. म्हणजे भराव असा होणार: एक `80`, मग २१ शून्य बाइट, मग `00 00 00 00 00 00 01 10`. बेरीज करा, ३४ अधिक १ अधिक २१ अधिक ८, बरोबर ६४. एक ब्लॉक. तो फिरवून जी स्थिती आली ती तुमची सही, आणि ती रिक्वेस्टबरोबर उघडपणे गेली.

शत्रूनं ही रिक्वेस्ट आणि सही बघितली. बरेचदा शत्रू म्हणजे हा क्लायंट वापरणारा माणूसच असतो, स्वतःच्याच ब्राउझरमधून जाणारी रिक्वेस्ट त्याला दिसणारच. त्याला शेवटी `&credit=9000` जोडायचंय, १२ बाइट. तो सही उचलतो, तिचे ८ शब्द करतो, एसएचए-२५६च्या पोटात सुरुवातीची जगजाहीर स्थिती काढून तिथे हे ८ शब्द बसवतो, म्हणजे मशीनला वाटतं की आपण एक ब्लॉक आधीच खाल्लाय. मग दुसरा ब्लॉक भरवतो: ते १२ बाइट, एक `80`, ४३ शून्य, आणि एकूण लांबी. एकूण म्हणजे आधीचे ६४ आणि हे १२ मिळून ७६ बाइट, ६०८ बिट, हेक्समध्ये `0260`. बाहेर जो आकडा पडतो ती नवी सही. आणि बॉडी म्हणून सर्व्हरला काय पाठवायचं? हे:

```
user=42&credit=100<80><00 x 21><00 00 00 00 00 00 01 10>&credit=9000
```

कोनी कंसातले ते खरे बाइट्स समजा. सर्व्हर काय करणार, तर आपलं सीक्रेट यापुढे लावणार, सगळ्याचा हॅश काढणार. पहिले ६४ बाइट म्हणजे सीक्रेट, मूळ मेसेज आणि जुना भराव, जो आता मेसेजचाच भाग झालाय. ते खाऊन त्याची स्थिती होणार नेमकी जुनी सही. मग दुसरा ब्लॉक तोच जो शत्रूनं भरवला. आकडा तोच. सही जुळली, रिक्वेस्ट आत.

मधला कचरा पहिल्या `credit` च्या किमतीला चिकटून बसतो, आणि बरेच पार्सर एकच नाव दोनदा आलं तर शेवटचं धरतात, म्हणजे ९००० चालून जातं. तुमचा पार्सर पहिलं धरत असेल तर हाच हल्ला नुसतं `&admin=1` सारखं आधी नसलेलं नाव जोडून करता येतो.

आता तुम्ही म्हणाल की आमच्या सीक्रेटची लांबी त्याला कुठे माहीत आहे. नाही माहीत, पण लांबीचा उपयोग फक्त भराव बरोबर बसवायला होतो, सीक्रेट काय आहे त्याच्याशी संबंध नाही. तो १ पासून ६४ पर्यंत एकेक लांबी धरून तेवढ्या रिक्वेस्ट पाठवेल, एक जुळेल. सीक्रेट कितीही रँडम असो, ३२ बाइट करा नाहीतर ५० करा, काही फरक पडत नाही, दोन-चार डझन रिक्वेस्ट जास्त इतकंच. `hash_extender` नावाचं तयार टूलही आहे यासाठी, स्टेजिंगवर स्वतःच्या एपीआयवर चालवून बघा, मीटिंगमध्ये वाद घालण्यापेक्षा ते लवकर होतं.

एक प्रामाणिक मुद्दा, तुमची बॉडी जेसन असेल तर शेवटच्या महिरपी कंसानंतर `80` आणि शून्य बाइट्स आले की पार्सर ओरडेल आणि हा हल्ला बहुतेक तिथेच अडकेल. पण मग तुमची सुरक्षा सहीवर नाही, जेसन पार्सर किती खडूस आहे त्यावर टिकलीय, आणि सहीचा अर्थच हा की पार्सरपर्यंत पोचायच्या आधी खोटं बाहेर पडावं. वर म्हटलं ना, कचरा असला तरी, ते यासाठी. मॅक वापरणाऱ्यानं 'खोटा मेसेज निरर्थकच निघेल' असं धरून चालायचं नसतं.

हे पुस्तकी नाही. २००९ च्या सप्टेंबरमध्ये थाई डुओंग आणि हुलियानो रिझो यांनी फ्लिकरच्या एपीआयवर हेच दाखवलं. तिथे सही म्हणजे सीक्रेट आणि त्यामागे सगळे पॅरामीटर, त्याचा एमडी५. तिथे आणखी एक गंमत होती, पॅरामीटरची नावं आणि किमती क्रम लावून मधे काही खूण न ठेवता सलग जोडायचे, म्हणजे `foo=1` आणि `bar=2` असेल तर `bar2foo1`. त्यामुळे नाव कुठे संपतं आणि किंमत कुठे सुरू होते हे सहीला कळतच नव्हतं, वेगळे पॅरामीटर पण तीच सलग ओळ असं करता येत होतं, आणि भरावाचा कचरा एखाद्या फालतू पॅरामीटरमध्ये दडवता येत होता. सीमारेषेचा हा मुद्दा एचमॅक घेतला तरी सुटत नाही बरं का, त्याकडे परत येतो.

मग लोक म्हणतात सोप्पं आहे, सीक्रेट मागे लावू, `SHA256(body + secret)`. लेंग्थ एक्स्टेंशन थांबतं खरं, कारण आता शेवटी काही जोडलं तर सीक्रेट मधे अडकतं. पण नवीन दुखणं येतं. कोणी एकाच लांबीचे दोन वेगळे मेसेज शोधले ज्यांची ब्लॉकच्या शेवटी स्थिती एकच होते, तर त्यापुढे सीक्रेट काहीही असो, दोन्हींची सही एकच. आणि हा शोध शत्रू घरी बसून करू शकतो, त्याला ना तुमचं सीक्रेट लागतं ना तुमच्या सर्व्हरला एकही रिक्वेस्ट. एसएचए-२५६ची अशी टक्कर आज कोणाला सापडलेली नाही, पण एमडी५ची २००४ साली सापडली आणि एसएचए-१ची २०१७ मध्ये दोन खऱ्या पीडीएफ फाइली करून दाखवली. म्हणजे तुमचा मॅक हॅशच्या सगळ्यात आधी ढासळणाऱ्या भिंतीवर उभा राहतो. मग पुढे-मागे दोन्हीकडे लावू, मधे लांबी घालू, दोनदा हॅश करू… या वाटेनं बरेच जण गेले, काही प्रकार बऱ्यापैकी टिकतात, पण प्रत्येकाला आपापल्या अटी, आणि त्या अटी कोडमध्ये कोणी लिहून ठेवत नाही.

मिहिर बेल्लारे, रॅन कॅनेटी आणि ह्यूगो क्रॉचिक यांनी १९९६ मध्ये एचमॅक मांडला तो याच पार्श्वभूमीवर, १९९७ ला तो `RFC 2104` म्हणून आला. अट अशी ठेवली होती की हॅशच्या आतल्या कोडला हात लावायचा नाही, असलेली लायब्ररी जशीच्या तशी वापरायची. फॉर्म्युला हा, यात `H` म्हणजे हॅश, `m` म्हणजे मेसेज आणि `||` म्हणजे एकामागे एक जोडणं:

```
HMAC(K, m) = H( (K0 xor opad) || H( (K0 xor ipad) || m ) )
```

`K0` म्हणजे तुमची किल्ली शून्य बाइट्स लावून ब्लॉकइतकी, म्हणजे एसएचए-२५६ साठी ६४ बाइट केलेली. `ipad` म्हणजे `36` हा बाइट ६४ वेळा आणि `opad` म्हणजे `5c` हा बाइट ६४ वेळा. एकाच किल्लीतून आतली आणि बाहेरची अशा दोन वेगळ्या किल्ल्या पाडायची ही युक्ती, `36` आणि `5c` यांच्यात ८ पैकी ४ बिट वेगळे, म्हणून दोन किल्ल्यांत बरोबर निम्मे बिट वेगळे निघतात. या आकड्यांमागे यापेक्षा जास्त जादू शोधू नका.

आता मघाचा शत्रू परत आणा. त्याच्या हातात टॅग आहे, म्हणजे बाहेरच्या हॅशची शेवटची स्थिती. तो ती मशीनमध्ये बसवून पुढचं पान लिहू शकतो का? लिहू शकतो, कोणी अडवत नाही. पण त्यातून जे निघेल तो बाहेरच्या हॅशला ३२ बाइटपेक्षा लांब काहीतरी भरवल्याचा आकडा असेल, आणि तपासणारा सर्व्हर बाहेरच्या हॅशला नेहमी किल्लीचा एक ब्लॉक आणि नेमके ३२ बाइट एवढंच भरवतो, मेसेज एक बाइटचा असो की एक जीबीचा. म्हणून तो आकडा कुठल्याच मेसेजचा टॅग नसतो, त्याचा काही उपयोग नाही. मेसेज लांबवायचा तर आतल्या हॅशची स्थिती हवी, आणि ती कधी बाहेर पडतच नाही, तिच्यावर किल्ली लावून दुसऱ्यांदा झाकण बसवलेलं असतं. इतकंच आहे. वहीतली शिल्लक उघडी टाकायची नाही, पाकिटात घालून लाखेनं बंद करून द्यायची.

घरी टक्कर शोधणाराही इथे अडतो, कारण आतला हॅश मेसेज खायच्या आधी किल्लीचा ब्लॉक खातो, त्यामुळे मेसेज सुरू होताना स्थिती काय आहे हेच शत्रूला माहीत नसतं, मग टक्कर शोधणार कशाच्या आधारावर. म्हणून एमडी५ टकरींसाठी पार कोसळला तरी एचमॅक-एमडी५ त्या धक्क्यानं लगेच मोडला नाही. नवीन कामाला तो घ्या असं मी म्हणत नाहीये, पण जुन्या सिस्टिममध्ये दिसला तर आग लागल्यासारखं धावायची गरज नाही, ज्या सिस्टिममध्ये सीक्रेट-पुढे-हॅश आहे तिकडे आधी जा.

वेगाची काळजी करू नका. मेसेज ५५ बाइटपर्यंत असेल तर ब्लॉक फिरवायचं काम चार वेळा होतं, दोन किल्लीचे आणि दोन बाकीचे, आणि किल्लीचे दोन एकदाच काढून ठेवता येतात. मोठ्या मेसेजला फरक जाणवतही नाही. एसएचए-३ वापरणाऱ्यांनी विचारायच्या आधी सांगतो, त्याच्या पोटातली स्थिती पूर्ण बाहेर पडत नाही म्हणून त्याला लेंग्थ एक्स्टेंशन लागू नाही आणि त्याचा केमॅक नावाचा वेगळा मॅक आहे. पण तुमच्याकडे एसएचए-२५६ आहे, तर एचमॅकच घ्या.

कोड एवढाच बदलतो:

```python
expected = hmac.new(key, raw_body, hashlib.sha256).digest()
ok = hmac.compare_digest(expected, received)
```

`received` म्हणजे हेडरमधून आलेली सही, हेक्समधून बाइट्स केलेली. आपण बरोबर बांधलंय का हे बघायला `RFC 4231` मधलं दुसरं उदाहरण वापरा, किल्ली `Jefe`:

```
printf '%s' 'what do ya want for nothing?' | openssl dgst -sha256 -hmac 'Jefe'
5bdcc146bf60754e6a042426089575c75a003f089d2739839dec58b964ec3843
```

`printf` च्या जागी `echo` लावलंत तर शेवटी एक न्यूलाइन चिकटते आणि आकडा साफ वेगळा येतो, यावर लोकांचे अख्खे दिवस गेलेले बघितलेत. तसंच दुसरं, किल्ली हेक्समध्ये ६४ अक्षरांची दिलेली असते, एक बाजू ती ६४ अक्षरंच किल्ली म्हणून वापरते आणि दुसरी ती उलगडून ३२ बाइट करते. दोघांचाही एचमॅक बरोबर, फक्त किल्ल्या वेगळ्या. टॅग कधीच, एकदाही जुळत नसेल तर आधी हेच बघा.

कधी जुळतो कधी नाही असं असेल तर मात्र बॉडीकडे बघा. माझ्यावर आलेली वेळ सांगतो. एका पार्टनरकडून वेबहुक यायचे, बहुतेक बरोबर, पण काही ठरावीक ग्राहकांचे कायम फेल. पार्टनर म्हणे तुमची चूक, आम्ही म्हणू तुमची. दोन दिवसांनी लक्षात आलं की फेल होणारे सगळे ते, ज्यांचं नाव देवनागरीत आहे. आमच्या फ्रेमवर्कनं जेसन आधीच पार्स केलेलं, आणि आमच्याच कोणीतरी ते ऑब्जेक्ट परत `json.dumps` करून त्याच्यावर एचमॅक काढला होता. स्पेस वगैरे योगायोगानं जुळत होत्या म्हणून इंग्रजी नावं चालून जायची, पण देवनागरी अक्षरं `\u0930` अशी होऊन बाहेर पडायची, पार्टनरनं मात्र सरळ यूटीएफ-८ पाठवलेलं. एचमॅकला अर्थाशी देणंघेणं नाही, बाइट्सशी आहे. म्हणून वर `raw_body` लिहिलंय, सॉकेटवरून आले तेच बाइट्स घ्या, आधी तपासा, पार्सिंग नंतर. आणि हे आम्ही शोधलं कसं, तर दोन्हीकडे कच्च्या बॉडीची लांबी आणि तिचा साधा एसएचए-२५६ लॉगमध्ये टाकून. शत्रू नाही, फक्त 'आपण दोघं एकच बाइट्स बघतोय का' एवढाच प्रश्न असतो तेव्हा नुसता हॅश अगदी बरोबर हत्यार आहे.

सीमारेषेचा मुद्दा इथेच येतो. तुम्ही बॉडीबरोबर यूजर आयडी आणि टाइमस्टॅम्प पण सहीत घेणार असाल, घ्याच, तर नुसते सलग जोडू नका. आयडी `12` आणि वेळ `3456`, किंवा आयडी `123` आणि वेळ `456`, दोन्ही जोडून `123456`च होतं आणि एचमॅक त्यावर इमानदारीनं एकच टॅग देणार. प्रत्येक भागाच्या आधी त्याची लांबी ठरावीक बाइटमध्ये लिहा, किंवा जो कॅरेक्टर त्या फील्डमध्ये येऊच शकत नाही असा मधे ठेवा आणि तो आला तर रिक्वेस्ट नाकारा.

`compare_digest` कशाला, `==` का नाही? कारण साधी तुलना पहिला वेगळा बाइट दिसला की थांबते, म्हणजे जितके बाइट बरोबर तितका किंचित जास्त वेळ. तो वेळ मोजता आला तर शत्रू एकेक बाइट पक्का करत जातो, प्रत्येकाला जास्तीत जास्त २५६ प्रयत्न, ३२ बाइटला ८,१९२. नेटवर्कच्या गोंगाटात एवढा बारीक फरक मोजायला प्रत्येक प्रयत्न खूप वेळा करून सरासरी काढावी लागते, सोपं नाही, पण बंद करायला तुम्हाला एक ओळ लागते तर उघडं कशाला ठेवायचं. पायथनमध्ये एक बारीक खोच, याला स्ट्रिंग दिल्या आणि त्यात आस्की सोडून काही आलं तर `TypeError` येतो, म्हणजे कोणी हेडरमध्ये मुद्दाम वेडंवाकडं अक्षर पाठवून तुम्हाला ५०० एरर काढायला लावेल. म्हणून बाइट्सच द्या.

किल्लीबद्दल एकच. ती `os.urandom(32)` नं काढा, माणसानं सुचवलेला शब्द नको. एक मेसेज आणि त्याचा टॅग हातात आला की शत्रू घरी बसून शब्दकोशातला एकेक शब्द किल्ली म्हणून लावून बघू शकतो, सर्व्हरला कळतही नाही, आणि एचमॅक वेगवान असल्यानं हे काम फार पटापट होतं. `HS256` वाले जेडब्ल्यूटी असेच फुटतात, अल्गोरिदम शाबूत आणि सीक्रेट `secret123`.

आणि एचमॅक काय देत नाही तेही बघून ठेवा. काल पकडलेली खरी रिक्वेस्ट आज परत पाठवली तर टॅग बरोबरच असणार, म्हणून टाइमस्टॅम्प सहीच्या आत हवा आणि सर्व्हरनं जुनं नाकारायला हवं, पाच मिनिटांची खिडकी बऱ्याच ठिकाणी पुरते, जिथे पैसे किंवा क्रेडिट हलतं तिथे प्रत्येक रिक्वेस्टला वेगळा आयडी देऊन तो लक्षात ठेवा. शिवाय आपण याला बोलताना 'सही' म्हणतो पण ती खरी सही नाही, कारण किल्ली दोघांकडे एकच आहे. क्लायंट उद्या म्हणाला की ही रिक्वेस्ट मी पाठवलीच नाही, तुम्हीच बनवलीत, तर तिसऱ्याला पटवायला एचमॅक कामाचा नाही, त्याला खाजगी-सार्वजनिक किल्ल्यांची डिजिटल सिग्नेचर लागते.

बदल करताना बहुतेक लोक जिथे घसरतात ते सांगून थांबतो. जुने क्लायंट चालू ठेवायला तुम्ही काही दिवस दोन्ही सह्या घ्याल, नवीन हेडर असेल तर एचमॅक, नसेल तर जुनं. पण शत्रू नवीन हेडर पाठवेलच कशाला, तो जुन्याच दारानं येणार, म्हणजे तेवढे दिवस तुमची सुरक्षा जुनीच. म्हणून ज्या क्लायंटनं एकदा एचमॅक पाठवला त्याच्यासाठी जुनं दार त्याच क्षणी बंद करा, क्लायंटमागे एक फ्लॅग ठेवून. आणि एचमॅकला नवीन किल्ली द्या, जुनं सीक्रेट परत वापरू नका, दोन वेगळ्या फॉर्म्युल्यात एकच किल्ली फिरत राहिली की कुठल्या बाजूनं काय गळतंय याचा विचार परत पहिल्यापासून करावा लागतो. उरलेल्यांना तारीख कळवा आणि लॉगमध्ये जुनी सही वापरणाऱ्यांचा आकडा रोज बघा, आणि त्याच लॉगमध्ये बॉडीत `80` नंतर शून्य बाइट्सची रांग असलेली रिक्वेस्ट याआधी कधी आली होती का तेही शोधा. फॉर्म बॉडीत ते `%80%00%00` असंही दिसेल, आणि तसं एकही सापडलं तर तारखेची वाट न बघता जुनं दार त्याच दिवशी बंद करा.